तेलकट चेहऱ्यासाठी सौम्य फेसवॉश : ट्यूबच्या मागची यादी कशी वाचायची

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला तेव्हा त्याचं नाक आणि कपाळ तुपाचा हात फिरवल्यासारखं चमकत होतं, आणि ओठांच्या कडेला पांढरट पापुद्रे सुटले होते. पुण्यात शिकतो, हॉस्टेलला राहतो, बोअरचं पाणी वापरतो. म्हणाला, "मावशी, दिवसातून पाच वेळा तोंड धुतो. तासा-दोन तासांत परत तेल. आणि धुतल्या धुतल्या गाल इतके ओढतात की नीट हसता येत नाही. माझी स्किन ऑइली आहे की ड्राय, तेच कळत नाही."

मी काही वर्षं शाम्पू आणि फेसवॉश बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. तेलही येतं आणि कातडीही ओढते, ही तक्रार तिथे मी असंख्य वेळा ऐकली. दहापैकी आठ-नऊ वेळा त्यामागे एकच गोष्ट असते : चुकीचा फेसवॉश, आणि तोही गरजेपेक्षा जास्त वेळा. त्याच्या बॅगेत तीन ट्यूब होत्या. एक संपत आलेली, एक निम्मी, एक मित्राने दिलेली आणि अजून न उघडलेली. तिन्ही टेबलावर ठेवून आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या : चेहऱ्यावर दोन वेगवेगळी तेलं असतात

कपाळावर जे चमकतं ते सीबम. कातडीच्या आतल्या तैलग्रंथी ते तयार करतात, रोमछिद्रांतून ते वर येतं आणि पृष्ठभागावर पसरतं. ते किती बनायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात, म्हणूनच वयात येताना ते एकदम वाढतं. फेसवॉशचा त्या ग्रंथींवर काही अधिकार चालत नाही. तो फक्त वर आलेलं तेल उचलतो.

दुसरं तेल डोळ्यांना दिसतच नाही. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांनी भरलेल्या असतात. ही भरणी आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचं त्रासदायक काही आत जाऊ देत नाही. तेलकट कातडीतही ही भरणी लागतेच. वर सीबम भरपूर आहे म्हणून खालची भरणी मजबूत असेल, असं मुळीच नसतं.

जोरकस फेसवॉश सीबम तर काढतोच, पण फटींतली भरणीही थोडी-थोडी ओढून नेतो आणि पेशींच्या प्रथिनांना चिकटून त्यांना फुगवतो. मग सीबम तीन-चार तासांत पूर्वीइतकं परत येतं, कारण ग्रंथींचं काम थांबलेलंच नसतं. भरणी मात्र इतक्या लवकर भरून येत नाही. म्हणून एकाच चेहऱ्यावर वर तेल आणि खाली कोरडेपणा, अशी भाच्यासारखी अवस्था होते. 'जास्त धुतलं की ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात' असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याला पक्का आधार नाही आणि हे सगळं समजायला त्याची गरजही नाही. धुतल्यानंतर काही तासांत तेल परत येणं हा ग्रंथींचा नेहमीचा वेग आहे.

यातून निवडीची कसोटी आपोआप ठरते. सकाळी धुतलेला चेहरा दुपारी चमकला तर फेसवॉश नापास होत नाही. धुतल्यावर अर्ध्या तासाने चेहरा ओढत असेल तर तो नापास.

पुढची बाजू विसरा, ट्यूब उलटी करा

'ऑइल कंट्रोल', 'डीप क्लीन', 'सौम्य', 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' यांतल्या एकाही शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही. कडुनिंब, हळद, कोरफड, चारकोल यांची चित्रंही बाजूला ठेवा. फेसवॉश चेहऱ्यावर जेमतेम अर्धा मिनिट असतो आणि धुतला जातो. तेवढ्या वेळात चेहऱ्याचं बरं-वाईट ठरवतो तो फेस करणारा, तेल सोडवणारा पदार्थ. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं असतं आणि दुसरं तेलाकडे, त्यामुळे तेलाला धरून तो पाण्याबरोबर वाहून जातो.

आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे यादीच्या सुरुवातीची पाच-सहा नावंच खरी. ही एक टक्क्याची रेघ यादीवर छापलेली नसते, पण ती ओळखायची एक युक्ती आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे संरक्षक द्रव्य एक टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही. यादीत ते दिसलं की त्याच्या पुढचं बहुतेक सगळं एक टक्क्याच्या आतलं समजा. कडुनिंबाचा अर्क फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर लिहिलेला असेल, तर त्या कडुनिंबाचे पैसे आपण चित्रासाठी मोजतो आहोत.

आता पहिल्या पाच-सहा नावांत सरफॅक्टंट शोधायचा. पाणी आणि ग्लिसरिन वगळलं की सहसा तोच हाती लागतो. नाव कितीही लांबलचक असलं तरी घाबरू नका, आपल्याला त्याचं फक्त शेपूट वाचायचं आहे. 'कोको', 'लॉरिल', 'लॉरॉइल' ही पुढची अक्षरं खोबरेल किंवा पामच्या मेदापासून आलेली साखळी सांगतात. ती जवळपास सगळ्यांत सारखीच असते. स्वभाव कळतो तो शेवटच्या शब्दावरून.

शेपटावरून स्वभाव

सगळ्यात आधी साबण ओळखायला शिका, कारण ट्यूबमधल्या फेसवॉशमध्ये तो वेश बदलून येतो. वडीच्या वेष्टनावर सोडियम पामेट, सोडियम कोकोएट असं लिहिलेलं असतं, ते लगेच कळतं. क्रीमसारख्या पांढऱ्या, भरपूर दाट फेस देणाऱ्या फेसवॉशमध्ये मात्र साबण हा शब्दच नसतो. तिथे यादीच्या वरच्या भागात मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड, पामिटिक ॲसिड यांतली दोन-तीन नावं आणि त्यांच्याच जवळ पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसतं. मेदाम्ल आणि अल्कली एकत्र आली की साबण झालाच, फक्त तो मऊ स्वरूपात ट्यूबमध्ये भरलेला असतो. यादीच्या अगदी शेवटी एकटंच सोडियम हायड्रॉक्साइड दिसलं तर काळजी नको. तिथे ते आम्लता जुळवण्यापुरतं चिमूटभर असतं.

साबण तेलकट चेहऱ्यालाही का नको? आपल्या कातडीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.5 ते 5.5 असतो, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाचा असतो 9 ते 10. साबणाने धुतल्यावर चेहऱ्याचा सामू वर चढतो आणि खाली यायला काही तास घेतो. तेवढा वेळ फटींतली भरणी दुरुस्त करणारी रसायनं नीट काम करत नाहीत. दिवसातून पाच वेळा धुतलं, तर ती दुरुस्ती कधी पूर्णच होत नाही. आणि साबणाचा सामू 5.5 वर आणता येत नाही, आणला तर तो फुटून परत मेदाम्ल होतो. त्यामुळे यादीत साबण आणि पुढच्या बाजूला 'पीएच बॅलन्स्ड' असं दिसलं, तर यादीवर विश्वास ठेवा.

दुसरं शेपूट 'सल्फेट'. सोडियम लॉरिल सल्फेट हा यातला सगळ्यात जोरकस. कातडीला मुद्दाम खाज-जळजळ आणून तिची सहनशक्ती मोजायची असते, तेव्हा संशोधक अनेक वर्षांपासून हाच वापरत आले आहेत, यावरून त्याचा स्वभाव कळावा. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याचा भाऊ, पण बराच निवळलेला. नावांत अगदी थोडा फरक आहे, 'लॉरिल' आणि 'लॉरेथ'. स्वभावात मात्र पुष्कळ अंतर आहे. लॉरेथवाल्या सगळ्या फेसवॉशना मी वाईट म्हणणार नाही. त्याच्या सोबतीला कोण आहे ते बघायचं, त्याबद्दल पुढे सांगते.

तिसरं शेपूट 'ओलेफिन सल्फोनेट'. याच्यापाशी सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथे थोडं थांबू. 'सल्फेट-फ्री' असं ठळक लिहिलेल्या अनेक जेलमध्ये पाण्यानंतर पहिलंच नाव सोडियम सी 14-16 ओलेफिन सल्फोनेट असतं. तो सल्फेट नाही, त्यामुळे दावा खोटा ठरत नाही. पण तेल ओढण्यात तो सल्फेटांच्याच पंक्तीत बसतो. 'सल्फेट-फ्री'चा अर्थ 'सौम्य' असा लावू नका. एक नाव काढलं आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या जागी काय घातलं ते मागेच वाचावं लागतं.

आता ज्यांच्याकडे पाहून बरं वाटावं अशी शेपटं. 'आयसेथिओनेट', 'टॉरेट', 'ग्लुटामेट', 'सार्कोसिनेट'. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, सोडियम मिथाइल कोकॉइल टॉरेट, सोडियम कोकॉइल ग्लुटामेट अशा नावांनी ती दिसतात. हे सगळे वरच्यांसारखेच ऋणभार असलेले, म्हणजे ॲनिऑनिक सरफॅक्टंट आहेत. पण त्यांचं डोकं मोठं आणि मवाळ असतं, ते प्रथिनांना कमी चिकटतात आणि कातडीच्या सामूजवळ नीट काम करतात. तेलकट चेहऱ्यासाठी मुख्य सरफॅक्टंट याच घरातला असावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यांची तेल उचलण्याची ताकद पुरेशी असते. 'ग्लायसिनेट' हाही याच नात्यातला. त्याचा फेस सुंदर, मऊ येतो, पण फार आम्लधर्मी मिश्रणात तो टिकत नाही. म्हणून त्याच्या फेसवॉशचा सामू बऱ्याचदा सातच्या आसपास किंवा वर असतो. काहींना तो छान चालतो, काहींना ओढतो.

'बेटेन', 'सल्टेन', 'ॲम्फोॲसिटेट' ही उभयधर्मी, म्हणजे ॲम्फोटेरिक मंडळी, आणि शेवटी 'ग्लुकोसाइड' ही बिनभाराची, म्हणजे नॉन-आयॉनिक. सहसा हे साथीदार असतात, मुख्य गायक नव्हेत. आपल्या घरोघरीच्या रिठ्यातही सॅपोनिन नावाचे बिनभाराचे नैसर्गिक सरफॅक्टंटच असतात. मात्र त्याचं पाणी किती तीव्र झालं याला घरात काही माप नसतं आणि डोळ्यांत गेलं तर प्रचंड झोंबतं, म्हणून चेहऱ्यासाठी मी रिठा सुचवत नाही.

सोबत बघितल्याशिवाय निकाल देऊ नका

एकटा सरफॅक्टंट किती त्रास देईल हे त्याच्या नावावरून कळतं, पण ट्यूबमध्ये तो एकटा नसतोच. पाण्यात हे रेणू ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की गोळा होऊन गट करतात, त्या गटांना मायसेल म्हणतात. कातडीत सहज शिरतात ते सुटे रेणू आणि लहान मायसेल. मोठे मायसेल वरच राहतात. सल्फेटच्या जोडीला बेटेन घातलं की दोघांचे मिळून मोठे मायसेल होतात आणि सुटे रेणू घटतात. म्हणजे फेस करणारा पदार्थ वाढूनही त्रास कमी होतो. एकूण फेसकारक जास्त आणि जळजळ मात्र कमी, हे पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाहिलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं.

म्हणून यादी वाचताना असं बघा : मुख्य सरफॅक्टंटच्या लगेच मागे बेटेन, सल्टेन किंवा ग्लुकोसाइड आहे का? त्याच्या आगे-मागे ग्लिसरिन आहे का? लॉरेथ सल्फेट, त्याच्या पाठोपाठ बेटेन आणि वर ग्लिसरिन, असा फेसवॉश खूप तेलकट, धडधाकट कातडीला बऱ्यापैकी चालतो. तोच लॉरेथ सल्फेट एकटा आणि पुढे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, अशी यादी असेल तर तो स्वस्त शाम्पूचाच घाट आहे. मीठ तिथे फक्त दाटपणासाठी असतं.

सौम्य म्हणवणाऱ्यांचीही एक अडचण सांगायला हवी. कोकॅमिडोप्रोपिल बेटेन आणि ग्लुकोसाइड दोन्ही काही थोड्या लोकांना ॲलर्जी देतात. अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचारोगांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2004 मध्ये पहिल्याला आणि 2017 मध्ये दुसऱ्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' म्हणून लक्ष वेधायला निवडलं होतं. ओढणं आणि ॲलर्जी यांत गोंधळ करू नका. ओढणं धुतल्यावर लगेच जाणवतं आणि क्रीम लावलं की निवळतं. ॲलर्जीची खाज आणि लाल चट्टे बहुतेकदा काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उठतात, पापण्या आणि मान यांवर जास्त दिसतात आणि क्रीमने हटत नाहीत. असं झालं तर फेसवॉश बंद करून ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, त्यांना यादी लागते.

आमच्या टेबलावरच्या तीन ट्यूब

भाच्याला मी तिन्ही याद्या मोठ्याने वाचायला लावल्या.

पहिल्या, संपत आलेल्या ट्यूबवर 'ऑइल कंट्रोल फोम' होतं. पाणी, मायरिस्टिक ॲसिड, ग्लिसरिन, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लॉरिक ॲसिड. तो चौथ्या नावाशी थांबला आणि म्हणाला, "म्हणजे मी सहा महिने साबण लावतोय?" हो, साबणच. त्यात हॉस्टेलचं बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतं. बादलीच्या कडेला जी पांढरी-राखाडी रेघ बसते ती हीच. ती चेहऱ्यावरही बसते. मराठवाड्यात, सोलापूरकडे किंवा कुठेही बोअरवर राहणाऱ्यांनी साबणाचा फेसवॉश टाळायला हे वेगळं कारण आहे.

दुसरी ट्यूब हिरवट जेलची, 'सल्फेट-फ्री, कडुनिंब'. पाणी, सोडियम सी 14-16 ओलेफिन सल्फोनेट, कोकॅमिडोप्रोपिल बेटेन, घट्ट करणारं एक पॉलिमर, फिनॉक्सिइथेनॉल, मग कडुनिंब अर्क, मेंथॉल, सुगंध. जोडीला बेटेन आहे म्हणून साबणापेक्षा बरी. पण मुख्य सरफॅक्टंट जोरकस, ग्लिसरिन नाही, आणि मेंथॉलचा गारवा. त्या गारव्याने चेहरा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो, तेल मात्र त्याने एक थेंबही निघत नाही. पापुद्रे सुटलेल्या कातडीवर तो उलट चुरचुरतो.

तिसरी न उघडलेली. पाणी, ग्लिसरिन, सोडियम लॉरॉइल मिथाइल आयसेथिओनेट, कोकॅमिडोप्रोपिल बेटेन, कोको-ग्लुकोसाइड, पुढे सिट्रिक ॲसिड आणि सोडियम बेंझोएट. सुगंध नाही. शेवटच्या दोन नावांवरून एक छान गोष्ट कळते. सोडियम बेंझोएट हे संरक्षक आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतं. मुख्य संरक्षक म्हणून ते आणि जोडीला सिट्रिक ॲसिड दिसलं, तर बनवणाऱ्याने सामू पाचच्या आसपास ठेवला असण्याची शक्यता खूप. पुढच्या बाजूवर त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

सामू घरी तपासा

अंदाज खरा की खोटा हे आम्ही पट्टीने पाहिलं. पीएच पट्ट्यांची डबी शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. 1 ते 14 असा रंगतक्ता सोबत असतो. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी आणा, आणि बाटलीत पाणीच आहे, बॅटरीचं आम्ल नाही, हे लेबल वाचून दोनदा खात्री करा. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मोजमाप बदलतात. काचेच्या वाटीत अर्धा छोटा चमचा फेसवॉश आणि साडेचार चमचे पाणी घ्या, फेस न करता हलक्या हाताने मिसळा, पट्टी क्षणभर बुडवा, जास्तीचं झटका आणि तक्त्याशी रंग ताडून पाहा. रंगीत फेसवॉशमध्ये पट्टीचा रंग फसवू शकतो, आणि या पट्ट्या अर्ध्या-एक अंकाने चुकतात, हे धरून चाला.

पहिल्याने पट्टी गडद निळी-हिरवी केली, नऊच्या पुढे. दुसरी साडेसहाच्या आसपास. तिसरी पिवळट, पाच. 4.5 ते 6 च्या दरम्यान असलेला फेसवॉश चांगला, सातपर्यंत चालून जातो. पण सामू बरोबर असला म्हणजे झालं, असं मात्र नाही. सोडियम लॉरिल सल्फेटचा सामूही साडेपाचवर आणता येतो आणि तरी तो ओढणारच. म्हणून आधी यादी, मग पट्टी.

निकाल चेहरा देतो : अर्ध्या तासाची परीक्षा आणि तीन आठवडे

नवीन फेसवॉश आणल्यावर पहिले तीन दिवस तो कानाच्या खाली, जबड्याच्या एकाच बाजूला लावून धुवा. खाज किंवा पुरळ नाही आलं तर पूर्ण चेहऱ्याला घ्या. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर कोणामुळे काय झालं ते कळणार नाही.

धुण्याची पद्धत साधी आहे पण ती चुकली तर चांगला फेसवॉशही ओढतो. कोमट पाण्याने चेहरा पूर्ण ओला करा. हरभऱ्याएवढा फेसवॉश ओल्या तळहातावर फेसाळून घ्या, थेट कोरड्या गालावर पिळू नका. आधी कपाळ, नाक, हनुवटी, कारण तेल तिथे आहे, आणि शेवटच्या पाच-सात सेकंदांत गाल. सगळं मिळून वीस ते तीस सेकंद. मग भरपूर पाण्याने धुवा, विशेषतः केसांची रेघ आणि जबड्याची कड, तिथे फेस अडकून राहतो. टॉवेलने घासू नका, टिपा. सौम्य फेसवॉशचा फेस कमी आणि पातळ येतो, म्हणून पुन्हा-पुन्हा घेण्याचा मोह होतो. फेस किती आला आणि तेल किती निघालं यांचा फारसा संबंध नाही.

आता परीक्षा. रविवारी सकाळी धुतल्यावर काहीही न लावता पंख्यापासून दूर बसा. तीस मिनिटांनी मोठं तोंड उघडून 'आ' करा आणि गाल, ओठांच्या कडा कशा वाटतात ते पाहा. ओढल्या तर फेसवॉश जास्त होतोय. नाकावर बोट फिरवून करकर असा आवाज येत असेल, धुतलेल्या भांड्यासारखा, तर तोही चांगला शकुन नाही. चेहरा असा आवाज करण्याइतका कोरडा करायचा नसतो. ना ओढ, ना आवाज, आणि टिश्यू नाकावर दाबल्यावर डाग नाही किंवा अगदी पुसट, हे हवं. डाग लगेच ठळक पडत असेल आणि अजून सनस्क्रीनचा थर जाणवत असेल, तर फेसवॉश कमी पडतोय.

मग तीन आठवडे तोच फेसवॉश, सकाळी आणि संध्याकाळी, आणि खेळून किंवा जिममधून घामाघूम आल्यावर आणखी एकदा. मधल्या वेळात तेल आलं तर टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर दाबा, धुऊ नका. तीन आठवडे अशासाठी की कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि जुना ओढलेला थर निघून गेल्याशिवाय नव्या फेसवॉशला न्याय मिळत नाही. धुतल्यावर बिनतेलाचं जेल मॉइश्चरायझर पातळ लावा. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं भाचाही म्हणाला. ते सीबम वाढवायला नव्हे, फटींची भरणी सावरायला आहे.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात एकच फेसवॉश सारखा वागत नाही. दमट हवेत जो बरोबर बसतो तोच नागपूरच्या मेमध्ये किंवा एसी कार्यालयात ओढू शकतो. तेव्हा फेसवॉश बदलण्याआधी सकाळचं धुणं फक्त पाण्यावर आणून पाहा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, मुलतानी माती आणि लिंबू

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे रोमछिद्रांच्या तोंडाशी साचलेलं सैल करायला ते कामाचं आहे. पण फेसवॉशमध्ये ते थोडाच वेळ चेहऱ्यावर राहतं, म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. खरी अडचण अशी की सॅलिसिलिक लिहिलेल्या बऱ्याच फेसवॉशचा पाया ओलेफिन सल्फोनेटच असतो. चेहरा सोलवटला तर लोक दोष ॲसिडला देतात. पाया आयसेथिओनेटचा असलेला शोधा आणि आठवड्यातून तीनदा, रात्री वापरा. मुरुमांसाठी ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड आधीच चालू असेल तर सॅलिसिलिकवाला सोडाच, साधा सौम्य घ्या.

मुलतानी माती तेल शोषते, महिन्यातून एखाद-दोनदा ठीक, पण पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवली तर तीही ओढते. लिंबू मात्र चेहऱ्यावर नकोच. त्याचा सामू दोनच्या आसपास असतो आणि उन्हात डागही पडू शकतात.

हे फेसवॉशने सुटणारं नाही

नाकाच्या कडेला, भुवयांत, दाढीत तेलकट पिवळसर कोंड्यासारखे पापुद्रे आणि खाली लाली असेल, तर तो कोरडेपणा नसून सेबोरिक डर्मटायटिस असण्याची शक्यता असते. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं आणि खोबरेल चोळून तो बिघडू शकतो. कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या तर तेही मुरुम नसू शकतात. दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडणारे मुरुम, किंवा मुलींमध्ये अनियमित पाळी आणि हनुवटीवर केस, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर, फेसवॉशचा प्रश्न नंतर.

भाच्याच्या ओठांकडचे पापुद्रे तिसऱ्या ट्यूबवर आणि दोन वेळच्या धुण्यावर दहा-बारा दिवसांत गेले. चौथ्या आठवड्यात फोन आला, "मावशी, गाल ओढत नाहीत आता. पण दुपारी कपाळ अजून चमकतं." ते चमकणारच, एकोणिसाव्या वर्षी ते तसंच असतं. त्याला मी खिशात टिश्यू ठेवायला सांगितलं, आणि तीच ट्यूब पुन्हा घेताना दुकानातच मागची यादी वाचायला, कारण नाव आणि वेष्टन तेच ठेवून आतला सरफॅक्टंट बदललेला मी स्वतः पाहिला आहे.